फॅक्सच्या एका ओळीचा हिशेब

रन-लेंग्थ एन्कोडिंगमुळे फॅक्सच्या एका ओळीत नेमकी किती बचत होते?

१९८०च्या ग्रुप ३ फॅक्समध्ये प्रत्येक ओळ १७२८ ठिपक्यांची असते. ठिपका काळा की पांढरा हे एकेका बिटात लिहिलं तर ओळीला १७२८ बिट लागतात. त्याऐवजी सलग एका रंगाचे किती ठिपके आले तेवढंच पाठवायचं. समजा, ओळीत 'ा' या कान्याची फक्त उभी रेघ आली आहे: ८९६ पांढरे, ३ काळे, ८२९ पांढरे. ६४ किंवा त्याहून लांब पट्ट्याला दोन कोड लागतात, एक ६४च्या पटीसाठी आणि एक उरलेल्या ठिपक्यांसाठी. म्हणून ८२९ म्हणजे ७६८ अधिक ६१.

```
896    011010011
0      00110101
3 का.  10
768    011001101
61     00110010
```

सगळे मिळून ३६ बिट. पूर्ण कोरी ओळ तर १७ बिटांत जाते. शिवाय प्रत्येक ओळीमागे १२ बिटांची शेवटाची खूण असते.

काळ्या २ आणि ३ ठिपक्यांनाच सर्वांत छोटे कोड का? सगळ्यांनाच छोटे द्या की!

कारण मिलिमीटरला साधारण ८ ठिपके पडतात आणि अक्षरांच्या बारीक रेघा बहुधा दोन-तीन ठिपके जाड येतात. ठरावीक नमुना कागदांवर अशा पट्ट्या मोजूनच ही कोष्टकं बनवली गेली. काळ्या २ ला `11`, ३ ला `10`, १ ला `010`, ४ ला `011`.

सगळ्यांना छोटे देता येत नाहीत, कारण `11` आणि `10` दिल्यावर १ ने सुरू होणारा एकही काळा कोड शिल्लक राहत नाही. बाकी सगळ्यांना ० ने सुरू होणाऱ्या उरलेल्या अर्ध्या जागेत बसावं लागतं, आणि क्वचित येणारे पट्टे १३ बिटांपर्यंत जातात. मला या पद्धतीचा हा भाग सर्वांत सुंदर वाटतो: एकाला आखूड कोड दिला की त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी लांब कोडाने मोजावी लागते.

दोन कोडांमध्ये कुठलीच खूण नसते. मग एक संपला हे यंत्राला कसं कळतं?

कुठलाही कोड त्याच कोष्टकातल्या दुसऱ्या कोडाची सुरुवात नसतो, म्हणून जुळला की तो संपलाच. पांढऱ्या ५ चा कोड `1100` आहे, पण तो काळ्या `11` शी गोंधळत नाही. रंग आलटून-पालटून येतात, ओळ कायम पांढऱ्याने सुरू होते (गरज पडल्यास शून्य लांबीच्या), त्यामुळे आता कोणतं कोष्टक वापरायचं हे यंत्राला माहीत असतं.

फोनलाइनवर एक बिट बिघडला मात्र, तर त्या ओळीतलं पुढचं सगळं घसरू शकतं. बेरीज १७२८ आली नाही की यंत्राला चूक कळते. ते शेवटाची खूण शोधून पुढच्या ओळीपासून नीट वाचू लागतं. कागदावर आडवा खराब पट्टा दिसतो तो याचाच.

वर्तमानपत्रातला फोटो फॅक्स करायला इतका वेळ का?

छापील फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. सर्वांत वाईट उदाहरण घ्या: एक पांढरा, एक काळा, असं ओळभर. पांढऱ्या १ चा कोड `000111`, काळ्याचा `010`, म्हणजे दोन ठिपक्यांना ९ बिट. ८६४ जोड्यांचे ७७७६ बिट झाले, मूळ ओळीच्या साडेचारपट. मजकुरासाठी आखलेलं कोष्टक फोटोवर असं उलटतं.