टेस्ट निगेटिव्ह, तरी डॉक्टरांना डेंग्यूचाच संशय का?

प्रश्न: भावाला तीन दिवस ताप आहे. डेंग्यूची एनएस-१ टेस्ट निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर म्हणतात डेंग्यू असू शकतो. मग टेस्ट करून उपयोग काय?

फोंड्याच्या एका लॅबमध्ये मी काम करते. चवथीच्या आगेमागे काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो.

डॉक्टरांनी रिपोर्ट धुडकावलेला नाही. रक्त काढण्याआधीच, नुसती हकीकत ऐकून, त्यांनी एक अंदाज बांधलेला असतो. त्याला प्रायर म्हणतात. रिपोर्ट सांगतो ते वेगळंच: डेंग्यू असता तर असा निकाल कितपत आला असता, आणि नसता तर कितपत. हे लाइकलिहूड. दोन्ही एकत्र केल्याशिवाय उत्तर निघत नाही.

हिशोबापुरते आकडे धरूया. किट डेंग्यूच्या १०० रुग्णांपैकी ८० पकडतं, २० सोडतं. डेंग्यू नसलेल्या १०० जणांत ५ वेळा उगाच पॉझिटिव्ह दाखवतं. आता भर पावसाळा, घरात दोघांना डेंग्यू होऊन गेलेला, अंग ठणकतंय. अशा १०० जणांत ८० जणांना डेंग्यू असेल असं समजा. त्या ८० पैकी १६ निगेटिव्ह येतील. उरलेल्या २० पैकी १९ निगेटिव्ह. म्हणजे एकूण ३५ निगेटिव्ह, आणि त्यातल्या १६ जणांना डेंग्यू आहेच. शक्यता ८० टक्क्यांवरून ४६ वर आली. बरीच उतरली, पण शून्य झाली नाही.

हेच किट मार्चमध्ये, वाड्यावर एकही केस नसताना वापरलं आणि प्रायर ५ टक्के धरला, तर निगेटिव्ह आल्यावर शक्यता जेमतेम १ टक्का उरते. उलट तेव्हा पॉझिटिव्ह आला, तरी डेंग्यूची शक्यता निम्म्याहून कमीच: ४ खरे, ५ खोटे. यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण गणित तेच आहे.

पुढचा पुरावा आला की सुरुवात ४६ पासून करायची, ८० पासून नाही. समजा प्लेटलेट्स उतरल्या आणि असं उतरणं डेंग्यूत इतर तापांच्या चौपट वेळा दिसतं असं धरलं, तर १६ ला १९ चं प्रमाण ६४ ला १९ होतं, म्हणजे सुमारे ७७ टक्के. मात्र हा चौपट आकडा जपून वापरावा. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप, आणि मलेरिया यांतही प्लेटलेट्स उतरतात.

त्याच रक्तावर तीच टेस्ट पुन्हा करून मात्र फारसं हाती लागत नाही, कारण पहिल्यांदा चुकली त्याच कारणाने ती पुन्हा चुकू शकते. शिवाय एनएस-१ पहिल्या चार-पाच दिवसांत चांगली पकडते. नंतर किटच जास्त रुग्ण सोडतं, तेव्हा आयजीएम ही अँटिबॉडीची टेस्ट बघतात.

आणि उपयोग म्हणाल तर ८० वरून ४६ हाच. आता निम्म्याहून जास्त शक्यता दुसऱ्या कशाची तरी आहे. भाऊ शेतात चिखलात उतरला होता का, हे डॉक्टर आता विचारतील, कारण लेप्टो असेल तर अँटिबायोटिक वेळेत सुरू करावं लागतं.