आठ जणांचं जेवण आणि गप्पाही

प्रश्न: शनिवारी रात्री आठ जणांना जेवायला बोलावलंय, स्वयंपाक मी एकटीच करणार. दरवेळी मी ओट्यापाशी अडकते आणि गप्पा बाहेर रंगतात. काय काय आधी करून ठेवू?

उत्तर: पाहुणे आल्यावर गॅसवर एकच पदार्थ करावा लागेल, असा बेत ठरवा. म्हणून पुऱ्या नकोत, त्या शेवटच्या माणसापर्यंत तळत बसावं लागतं. मी असा बेत करते: कोथिंबीर वडी, भरली वांगी, पोळ्या, मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि श्रीखंड. पाहुणे साडेसातला, पानं साडेआठला असं धरून सांगते.

शुक्रवारी रात्री 600 ग्रॅम चक्क्यात 500 ग्रॅम साखर मिसळून तासभर ठेवा. साखर विरघळली की पुरणयंत्रातून काढा, केशर-वेलची घालून फ्रिजमध्ये ठेवा. कोथिंबीर वडीचे उंडेही तेव्हाच वाफवा. सुरी खुपसल्यावर कोरडी बाहेर आली की ते शिजले. गरम उंडा कापला की वडी चुरते, म्हणून कापायचं काम दुसऱ्या दिवशीच करा.

शनिवारी दुपारी लहान, काटेरी सोळा वांगी भरून शिजवा. भरली वांगी मला ताजी उतरवल्यापेक्षा मुरलेलीच जास्त आवडतात. मात्र दाण्याच्या कुटामुळे रस थंड झाला की घट्ट बसतो. तसाच गरम केला तर खाली लागतो आणि चमच्याने ढवळलं तर वांगी फुटतात. कडेने अर्धी वाटी उकळतं पाणी सोडा, झाकण ठेवून मंद आचेवर ठेवा आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा. कडेला तेल दिसू लागलं की झालं.

पोळ्या साडेसहाला करायला घ्या. चोवीस-पंचवीस लागतील. पहिल्या काही पोळ्या ताटलीवर सुट्या ठेवून वाफ जाऊ द्या, मग सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, नाहीतर खालच्या ओल्या होतात. पोळीभाजी केंद्रातून आणल्यात तरी काही बिघडत नाही.

मसालेभाताला तीन वाट्या तांदूळ धुऊन निथळत ठेवा आणि सव्वासातला जाड बुडाच्या पातेल्यात फोडणीला टाका. पाहुणे येईतो तो मंद आचेवर असतो. पावणेआठला गॅस बंद करा, झाकण उघडू नका, साडेआठपर्यंत गरम राहतो.

आता उरल्या वड्या. त्या तळू नका, तव्यावर तेल सोडून परता. आच मध्यम असली की एक बाजू लाल व्हायला चार-पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात पाठ फिरवून बोलता येतं. पहिला घाणा बाहेर न पाठवता ताटली ओट्यावरच ठेवा, माणसं आपणहून आत येतात.

कोशिंबिरीची काकडी चोचवून, कूट आणि फोडणी तयार ठेवून द्या. मीठ आणि दही मात्र पानं घेतल्यावरच, कारण मीठ लागताच काकडीला पाणी सुटतं. वांगी सव्वाआठला मंद आचेवर चढवा आणि बाहेर जाऊन बसा.