सोनाराचा काटा: पैसे देण्याआधी काय बघायचं

«म्हापशात लेकीच्या लग्नासाठी २२ ग्रॅमच्या पाटल्या घेणार आहे. काटा बरोबर आहे हे आपल्याला कसं कळणार? थोडाफार फरक चालतो म्हणतात, तो नेमका किती?»

ताई, आधी काट्यावरची पट्टी वाचा. तिच्यावर लंबगोलात काट्याचा अचूकतेचा वर्ग सांगणारा रोमन आकडा असतो. सोनाराकडे तो I किंवा II हवा. शेजारी Max, Min, `e` आणि `d` असतं. `d` म्हणजे पडद्यावर दिसणारा सगळ्यात बारीक आकडा, पण कायद्याने मान्य असलेला फरक `e` वरून ठरतो. पडद्यावर तीन दशांश दिसले की लोक काटा मिलिग्रॅमपर्यंत अचूक समजतात. तसं नसतं.

समजा पट्टीवर `d = 0.001 g` आणि `e = 0.01 g` आहे, वर्ग II. अशा काट्यावर ५० ग्रॅमपर्यंत सरकारी पडताळणीच्या वेळी ५ मिलिग्रॅम फरक चालतो. रोजच्या वापरात त्याच्या दुप्पट, म्हणजे १० मिलिग्रॅम, कमी किंवा जास्त. हिशेबाला सोपा म्हणून भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर तुमच्या पाटल्यांवर हा फरक १०० रुपयांचा. मात्र ही मुभा टक्क्यांत नसते. अर्ध्या ग्रॅमच्या चमकीवरही तेच १० मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० च्या वस्तूत १०० रुपये. म्हणून बारीक वस्तूसाठी `e = 0.001 g` असलेला काटाच मागा.

दुसरी गोष्ट मुद्रांकन, म्हणजे पडताळणीनंतर काट्यावर बसणारा सरकारी शिक्का. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते आणि तिचा दाखला दुकानात दिसेल असा लावायचा असतो. दाखल्यावरची तारीख बघा आणि यंत्राचा क्रमांक काट्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. पडताळणी इथेच, गोव्यात, का हवी याला खरं कारण आहे. दिल्लीपेक्षा इथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी आहे. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच आणून इथे लावला, तर २० ग्रॅमवर तो सुमारे १५ मिलिग्रॅम कमी दाखवेल. घेताना ते तुमच्या फायद्याचं, पण जुनं सोनं मोडताना तुमच्याच अंगावर येईल.

आता प्रत्यक्ष तपासणी. खिशात दहा रुपयांचं एक नाणं ठेवा. त्याचं नेमकं वजन ठाऊक असण्याची गरज नाही, कारण आपण काट्याची काट्याशीच तुलना करणार आहोत. पंखा बंद करायला सांगा, काचेचं झाकण लावायला सांगा, काटा समतल आहे का ते दाखवणारा पाण्याचा बुडबुडा वर्तुळाच्या मध्यावर आहे का बघा. रिकाम्या ताटलीवर ०.००० दिसलं की नाणं मधोमध ठेवा, आकडा लिहून घ्या. मग चारही कडांना एकेकदा ठेवा. शेवटी उचला आणि पडदा पुन्हा शून्यावर येतो का बघा.

फोंड्यातल्या एका दुकानात मी हेच केलं होतं. मधोमध ७.७१२, तीन कडांना ७.७११ ते ७.७१३, आणि उजव्या कडेला ७.६८३. एकाच नाण्यात २९ मिलिग्रॅमची तूट. शेटनी वाकून बघितलं तर धूळ लागू नये म्हणून घातलेलं प्लास्टिकचं कव्हर त्या बाजूला ताटलीला घासत होतं. त्यांनी कव्हर काढलं, मी परत ठेवलं, ७.७१२ आलं. फसवण्याचा हेतू कुणाचाच नव्हता, पण तोवर त्या बाजूला ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचं वजन चुकत होतं.

नाण्याने काटा सगळीकडे आणि प्रत्येक वेळी सारखा मोजतो का, एवढंच कळतं. तो खरं वजन दाखवतो का, हे त्याने कळत नाही. त्यासाठी दुकानातलं मुद्रांकित वजन मागा. ते दुकानात ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. तुमच्या पाटल्यांच्या जवळचं म्हणजे २० ग्रॅमचं. वरच्या उदाहरणातल्या काट्यावर ते १९.९९० ते २०.०१० यांच्यात दिसायला हवं. वजन चिमट्याने धरायला सांगा, बोटाचं तेल त्याला लागायला नको.

ट्रे वापरत असतील तर शून्य करताना असलेला आणि वजन करतानाचा ट्रे एकच आहे ना, ते डोळ्यांनी बघा. दागिना उचलल्यावर त्याच ट्रेसह ०.००० यायला हवं. तिथे ०.०४५ उरलं, तर तेवढं वजन तुमच्या पाटल्यांत धरलं गेलंय.

यातलं काही जुळलं नाही तर पैसे देऊ नका. दुसऱ्या काट्यावर घ्यायला सांगा. शेट ऐकत नसतील तर आकडा दिसेल असा पडद्याचा फोटो काढा आणि वजन-माप खात्याकडे तक्रार करा, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.