रविवारची वाट बघू नकोस, आज लिही

प्रिय मुला,

तुझा मेसेज वाचला. बँकेनं कर्ज कमी मंजूर केलं, फ्लॅट झेपणार नाही, आणि टोकनचे एक लाख परत मागायला जीभ रेटत नाही. त्यात सेल्सवाला म्हणतोय, "रविवारी या, बसून बोलू." म्हणून तू थांबलायस. थांबू नकोस, आज लिही.

तू पाठवलेल्या अलॉटमेंट लेटरच्या फोटोत महारेराच्या नमुन्यातलाच तक्ता आहे. लेटर दिल्यापासून 15 दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात शून्य. 16 ते 30 दिवसांत 1 टक्का, 60 पर्यंत दीड, पुढे 2 टक्के. आणि हा टक्का टोकनवर नाही, फ्लॅटच्या किमतीवर लागतो! तुझा फ्लॅट 80 लाखांचा. म्हणजे पंधरा दिवस उलटले की 80 हजार कापून हातात 20 हजार येतील. आज बुधवार, तुझा बारावा दिवस. रविवारी सोळावा उजाडेल. त्याचं गोड बोलणं तुला केवढ्याला पडेल, बघ.

पत्र छोटं ठेव: "अमुक तारखेच्या अलॉटमेंट लेटरनुसार घेतलेलं फ्लॅट क्रमांक अमुकचं बुकिंग मी आजपासून रद्द करत आहे. कर्ज पुरेसं मंजूर झालं नाही. भरलेली रक्कम मूळ खात्यात परत करावी. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार." बस. "रद्द करण्याचा विचार आहे" असं लिहू नकोस. विचाराला तारीख नसते. बांधकामाला नावं ठेवू नकोस, पहिल्याच पत्रात तक्रारीची धमकीही नको. ऑफिसात बसलेल्या माणसाला तुझी फाइल वर पाठवायची आहे, त्याला भांडण नको असतं.

ईमेल कर, आणि छापील प्रत नेऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घे. "पोच कशाला, आपली ओळख आहे" म्हणतील. मलाही म्हणाले होते. शिक्का बसेपर्यंत मी काउंटरवरून हललो नाही. ओळखीचा एजंट त्यानंतर बोलेनासा झाला, त्याचं अजून वाईट वाटतं. पण मी चुकलो नव्हतो. ओळखीपायी तोंडी सांगून आलेल्या किती जणांना पुढे "तुम्ही कळवलंच कुठे?" ऐकावं लागलं, ते मी पाहिलंय.

"दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये अॅडजस्ट करतो" म्हणाले तर नम्रपणे नाही म्हण. मूळ पावती मागितली तर झेरॉक्स दे. मूळ प्रत पैसे जमा झाल्यावर.

पत्र मिळाल्यापासून 45 दिवसांत पैसे यायला हवेत, व्याज मिळणार नाही. तोवर दहा-बारा दिवसांनी एकदा त्याच ईमेलखाली विचारत जा. मुदत उलटली तर महारेराकडे तक्रार करता येते, मसुदा मी बघून देईन. पण आधी हे पत्र. जेवणाआधी लिही आणि पोचेचा फोटो मला पाठव.

तुझा,
काका