ह्यांना डॉक्टरकडे न्यायचं कसं?

"मिस्टर ४६ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. डॉक्टरांचा विषय काढला की उठून जातात. चिठ्ठी लिहिली तर त्यांना अपमान वाटेल का?"

चिठ्ठी जरूर लिहा, पण तक्रारीची नको. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी (ओळखीचे तपशील बदलले आहेत) आधी लिहिलं होतं, 'तुम्हाला माझ्यात रस उरला नाही.' ती चिठ्ठी द्यायच्या आधी मी त्यांना घरात काय दिसतं ते विचारलं. नवरा रात्री दोन-तीनदा लघवीला उठे. पहाटे आपोआप येणारी ताठरताही बंद झाली होती. नुसता मनाचा ताण असेल तर ती बहुतेकदा शाबूत राहते. तीही गेली, तर रक्तवाहिन्या, नसा आणि हार्मोन यांच्याकडे आधी पाहावं लागतं. मग त्यांनी पुन्हा लिहिलं:

"अहो, बोलायला गेलं की आपण दोघंही गप्प होतो, म्हणून लिहितेय. माझा राग नाही. पण तुम्ही रात्री सारखे उठता, जेवलं की पेंगता, सकाळचंही बंद झालंय, हे मला दिसतं. मामंजींना शुगर होती, पन्नाशीच्या आत अटॅक आला. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून बिघाड कधीकधी आधी तिथे दिसतो, असं मॅडम म्हणाल्या. मला भीती त्याची वाटते. शनिवारी सकाळी साडेआठची वेळ घेतलीय, उपाशीपोटी जायचंय. आत तुम्ही एकटे जा, मी बाहेर बसेन. कपाटातल्या त्या गोळ्या तोवर घेऊ नका."

गोळ्या जाहिरात वाचून मागवलेल्या होत्या, 'शंभर टक्के आयुर्वेदिक'. अशा गोळ्यांमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेसाठी डॉक्टर लिहून देतात ते अॅलोपॅथिक औषध, मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. छातीदुखीसाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने ते पोटात घेतलं तर बीपी जिवावर बेतेल इतका खाली येऊ शकतो.

ते दोन दिवस अबोल राहिले, पण शनिवारी गेले. एचबीए१सी ९.१ निघालं, म्हणजे डायबेटिस बराच वाढलेला. बीपीही जास्त होता. दोन्हींवर औषधं सुरू झाली. हृदय तपासून आणि चालू औषधं पाहून डॉक्टरांनी सिल्डेनाफिल लिहून दिलं. पहिल्यांदा गुण आला नाही, कारण त्यांनी ती गोळी तुडुंब जेवणावर घेतली होती. ती साधारण तासभर आधी, जड जेवण टाळून घ्यायची असते. शिवाय इच्छा आणि जवळीक नसेल तर नुसत्या गोळीने काही होत नाही. काही महिन्यांत शुगर उतरली. ताठरता पूर्वीइतकी नाही, पण संबंध होतात.

तुमच्या मिस्टरांची पहाटेची ताठरता टिकून असेल, तरी आधी शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. ते ठीक निघालं तर दोघं मिळून माझ्याकडे या. मात्र चालताना छाती भरून येत असेल किंवा धाप लागत असेल, तर चिठ्ठीच्या उत्तराची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.