आजोबांची सत्तरी आणि त्यांच्या आवडीची गाणी : भाषण लिहिण्याआधी

«पुढच्या रविवारी आजोबांची सत्तरी आहे (जन्म १९५५). घरच्यांनी मिळून त्यांच्या आवडीची चार गाणी काढली आहेत : घनश्याम सुंदरा, पराधीन आहे जगती, शुक्रतारा आणि मेरे सपनों की रानी. गाणी लावण्याआधी मला पाचेक मिनिटं बोलायचं आहे. नेटवरून माहिती गोळा केली, पण वाचून बघितलं तर शाळेतल्या निबंधासारखं वाटतंय. काय करू?»

तुझ्या पोस्टमधले दोन शब्द वाचून मला एकदम २००३ साल आठवलं. ते शब्द म्हणजे «घरच्यांनी मिळून».

आधीच सांगते, मी काही निवेदक वगैरे नाही. घरातली, सोसायटीतली, नातेवाइकांची बारशी-साठ्या-सत्तऱ्या यांत माईक माझ्या हातात येतो, एवढंच. भाषण पाठ करावं की कागद धरावा, सुरुवातीला नमस्कार कसा करावा, हे तुला कळतंय. त्यात मी पडत नाही.

माझे आजोबा १९३३चे. एसटीत वाहक होते, सातारा डेपोला. २००३ला त्यांची सत्तरी झाली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वक्तृत्वात बक्षिसं मिळवून फार हवेत होते. आजी आदल्या वर्षीच गेली होती. घरच्यांनी मिळून गाणी काढली. म्हणजे काय केलं, तर टेपरेकॉर्डरशेजारच्या खोक्यात ज्या कॅसेटी सगळ्यात झिजलेल्या होत्या त्या उचलल्या. पहिली होती अरुण दात्यांची. तिच्यातलं «भातुकलीच्या खेळामधली» आम्हा सगळ्यांना पाठ, कारण घरात ते रोज संध्याकाळी लागायचंच, आणि कॅसेट लावायला आजोबाच उठायचे. यापेक्षा आणखी पुरावा काय हवा?

मी त्या गाण्यावर दोन मिनिटं बोलले. मंगेश पाडगांवकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल, भावगीताची परंपरा, सगळं झालं. शेवटी आवाज चढवून म्हणाले, «आजोबांचं सर्वांत लाडकं गाणं!» गाणं सुरू झालं. राजा-राणीचा डाव अर्ध्यावर मोडतो, तिथपर्यंत आलं, तेव्हा आजोबा हात धुवायला म्हणून उठले. जेवायला अजून अर्धा तास होता. नंतरचे तीनही फोटो रिकाम्या खुर्चीचे आहेत.

रात्री त्यांनी मला जवळ बसवून एवढंच सांगितलं, «ती कॅसेट तुझ्या आजीची गं. मी नुसती बाजू पालटायचो.»

रागावले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

आणखी एक गोष्ट मला कळली ती त्यांच्या तेराव्याला. त्यांच्याबरोबर पुणे गाडीवर असलेले एक ड्रायव्हरकाका आले होते. ते म्हणाले, पुण्याला मुक्काम पडला की तुझे आजोबा विजयानंदला. «सांगत्ये ऐका» त्यांनी सात वेळा पाहिला आणि «बुगडी माझी सांडली गं» वाजलं की गाडीत टिकट फाडताना पायानं ठेका धरायचे. १९५९चा सिनेमा, विजयानंदला शंभराहून जास्त आठवडे चालला. आजोबा तेव्हा सव्वीस वर्षांचे. आम्ही त्यांना ओळखायचो ते देवपूजा करणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ म्हणून. लावणीवर पाय हलवणारा तो कंडक्टर आम्हाला कधी भेटलाच नाही, कारण आम्ही विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तरी चारचौघांत सुनांसमोर त्यांनी एखादा अभंगच सांगितला असता. त्या पिढीला बैठकीत आवडतं गाणं विचारलं की उत्तर हमखास भक्तिगीत येतं. (हे माझं मत. तुमच्या घरात वेगळं असेल तर उत्तमच.)

म्हणून माझं सांगणं एकच : आजोबांना एकट्याला गाठ. फिरायला जाताना, गच्चीत, डॉक्टरकडे नेताना, कुठेही. «तुमचं आवडतं गाणं कोणतं» असं विचारू नकोस. ते गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं, घरात रेडिओ होता का, नसला तर कुणाकडे जायचात, बरोबर कोण असायचं, हे विचार. गाणं आपोआप येतं आणि त्याच्याबरोबर तुझं भाषणही येतं. निघताना «यातलं काय सांगू नको?» हेही विचार. हा प्रश्न मी २००३ला विचारला असता तर ते तीन फोटो वेगळे आले असते.

आता तुझी यादी. आधी सालांचा हिशेब कर. आजोबा १९५५चे, म्हणजे त्यांची पंधरा ते पंचवीस ही वर्षं १९७० ते ८०. माणसाला गाणी चिकटतात ती बहुधा त्या वयात. तुझ्या यादीत त्या दहा वर्षांतलं एकही नाही! «घनश्याम सुंदरा» अमर भूपाळीतलं, सिनेमा १९५१चा, आजोबांच्या जन्माआधीचा. «जुनी गाणी» म्हटलं की आपण नातवंडं सगळं एकाच गाठोड्यात बांधतो, त्यात पणजोबांची गाणी आजोबांच्या नावावर जातात. ते चूकच आहे असं नाही. लहानपणी पहाटे रेडिओवर लागायचं आणि वडील गुणगुणायचे, असं असू शकतं. पण मग भाषणात तेच यायला हवं, व्ही. शांतारामांचा सिनेमा आणि वसंत देसाईंचं संगीत ही माहिती नव्हे. आणि एकदा सहज विचारून बघ : पिंजरा (१९७२) लागला तेव्हा तुम्ही सतरा वर्षांचे होता, पाहिलात का? जैत रे जैत (१९७७) कुठे पाहिलात? चेहऱ्याकडे बघत विचार.

«पराधीन आहे जगती»बद्दल जपून. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर सुरू झालं १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला. आठवड्याला एक अशी वर्षभर छप्पन्न गाणी झाली. म्हणजे आजोबा आणि गीतरामायण एकाच सालचे! हे वाक्य तुला फुकट मिळालंय, जरूर वापर. पण त्याच्या मोहात «आजोबांनी ते रेडिओवर ऐकलं तेव्हा...» असं म्हणू नकोस, तेव्हा ते पाळण्यात होते. माझ्या एका भाच्यानं हे केलं होतं आणि मागच्या रांगेतून «दुपट्यात गुंडाळून ऐकलं का रे?» असा आवाज आला. दुसरं म्हणजे मूळ प्रसारणात गाणी वेगवेगळ्या गायकांनी म्हटली होती, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा मंडळींनी. सगळं सुधीर फडक्यांच्या आवाजात आपण ऐकतो ते नंतरच्या ध्वनिमुद्रणातून. आजोबांच्या वयाची जाणकार मंडळी समोर असणार, ती लगेच पकडतात.

शिवाय हे गाणं पुष्कळांनी शोकसभेत ऐकलेलं असतं. सत्तरीला ते लागलं की दोन-चार माना खाली जातात. आजोबांनी स्वतः मागितलं असेल तर नक्की लाव, पण शेवटी नको, दुसऱ्या क्रमांकाला ठेव. आणि आधी एका वाक्यात सांग की राम इथे भरताची समजूत काढतोय, कुणाचा दोष नाही म्हणून. मग ऐकणारे त्या प्रसंगात जातात, स्मशानात जात नाहीत.

«मेरे सपनों की रानी» १९६९चं, आराधना. आजोबा चौदाचे. समज, त्यांनी तुला सांगितलं की सिनेमा गावात तंबूत वर्षभरानं आला आणि ते चुलतभावाच्या सायकलवर डबलसीट गेले. मग तुझं बोलणं एवढंच :

«आजोबा तेव्हा आठवीत. घरी सांगितलं होतं, गणिताच्या शिकवणीला जातो. सायकल तात्यांची, पुढे नळीवर आजोबा. तंबूत खाली बसून पाहिलेला हा सिनेमा. परत येताना सायकल पंक्चर झाली आणि दोघं हे गाणं म्हणत चालत आले. गणितात किती पडले ते तात्यांना विचारा, ते समोरच बसलेत.»

लगेच गाणं. किशोरकुमारचं नाव घ्यायचीही गरज नाही, पहिल्या सुरांनाच सगळे ओळखतात. वाचून बघ, पाऊण मिनिटसुद्धा लागत नाही. चार गाण्यांना अशी चार टिपणं, पुढेमागे दोन वाक्यं, झाली तुझी पाच मिनिटं. सगळं भाषण आधी करून मग सलग चार गाणी, असं मात्र नको. तिसऱ्या गाण्यापर्यंत तू काय बोललास ते लोक विसरलेले असतात. टिपण, गाणं, टिपण, गाणं असं जाऊ दे. गाणंही पूर्ण वाजवू नकोस, धृपद आणि एक कडवं पुरे. आजोबा स्वतः गुणगुणायला लागले तर मात्र थांबवू नकोस.

नेटवरच्या माहितीवर थोडं चिडून बोलते, माफ कर. निम्म्या ठिकाणी गायकालाच गीतकार करून टाकतात, उरलेल्या ठिकाणी संगीतकार गायबच. नाव घ्यायचंच असेल तर कॅसेटच्या किंवा रेकॉर्डच्या वेष्टनावर बघून घे. खात्री नसेल तर ते नाव गाळ, कुणाचं काही बिघडत नाही. चुकीचं घेतलंस तर जेवताना तेवढीच चर्चा होते.

गाणी मोबाईलमध्ये आधी उतरवून ठेव. भावाच्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही यूट्यूबवरून लावली, तर भूपाळीच्या आधी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. लोक हसले, पण सासरे नाही हसले.

राहिलं शुक्रतारा. पाडगांवकर, खळे, अरुण दाते, सुधा मल्होत्रा. युगुलगीत आहे, म्हणून म्हणते : आजी असतील तर आधी त्यांना विचार की हे गाणं नक्की कुणाचं. त्यांचं निघालं तर यादीतून काढू नकोस, फक्त ते टिपण आजींच्या बाजूनं लिही. कुणाचं निघालं ते इथे कळव.