ओठ मिटतात का, ते बघा

प्रश्न: आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तोंड आणि आवाज जुळतात, तरी संशय येतो. घरच्या घरी कसं तपासायचं?

मी बेळगावात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. गेल्या हंगामात निपाणीच्या आत्येभावानं अशीच क्लिप पाठवली होती. कारखान्याशी संबंधित एक पुढारी स्वच्छ मराठीत म्हणतोय, "यंदा उसाचं बिल मार्चपर्यंत मिळणार नाही." गावात नुसता गोंधळ.

प, ब, भ, म म्हणताना दोन्ही ओठ मिटावेच लागतात. वरच्या वाक्यात अशा चार जागा आहेत: बिल, मार्च, पर्यंत, मिळणार. क्लिप कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडली आणि `E` दाबत एकेक फ्रेम पुढे नेली. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर ओठ मिटलेले साधारण दोन-तीन फ्रेममध्ये दिसतात. 'बिल'ला मिटले, पण 'मार्च' आणि 'मिळणार'ला फट तशीच राहिली, आत दातांच्या जागी पांढरा पट्टा. मिशीवाला माणूस असेल तर वरचा ओठ दिसत नाही, तेव्हा खालच्या ओठावर नजर ठेवा.

एकच अक्षर चुकलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका. फॉरवर्ड होता होता फ्रेम गळतात, आवाजही मागेपुढे सरकतो. फरक असा, की सरकलेला आवाज सगळीकडे सारखाच सरकलेला असतो. `J` आणि `K` नं तो जुळवून बघा. जुळवल्यावरही ओठ उघडेच राहत असतील तर गडबड आहे.

मग मिशी बघितली. ओठ बदलून खोटे व्हिडिओ बनवणारी बरीच साधनं चेहऱ्याचा खालचा अर्धा भागच नव्यानं बनवतात. त्यामुळे कपाळावरच्या सुरकुत्या स्पष्ट, पण मिशीची खालची कड पुसट आणि फ्रेमगणिक थरथरणारी. व्हॉट्सअ‍ॅप सगळंच पुसट करतं, म्हणून तोंडाची तुलना त्याच फ्रेममधल्या डोळ्यांशी करा. पूर्ण चेहराच बदललेला असेल तर मात्र मान वळते किंवा हात तोंडासमोरून जातो ते क्षण बघा, तिथं कड फाटते.

खरा निकाल लागला तो मागच्या कन्नड बॅनरमुळे. स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाकला, तर मूळ व्हिडिओ सापडला: जत्रेतलं जुनं भाषण, तेही पूर्ण कन्नडमध्ये! दोन्ही शेजारी लावले. हातवारे, पापण्या, मागून जाणारं पोरगं, सगळं तेच. फक्त तोंड वेगळं.

मूळ व्हिडिओ मिळेपर्यंत मी कुणालाही 'खोटा आहे' असं ठामपणे सांगितलं नव्हतं. चांगल्या साधनानं केलेल्या क्लिपमध्ये ओठ बरोबर मिटतात बघा, त्यामुळे काहीच खोट दिसली नाही म्हणून ती खरी ठरत नाही.